पस्तीस बाय आठ

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दाराचे स्क्रू द्या, पंधरा-वीस." काउंटरमागून प्रश्न येतो, "किती बाय किती?" गिऱ्हाईक गोंधळतं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हवेतच एक अंतर धरून दाखवतं. दुकानदार त्या अंतराकडे एक नजर टाकतो आणि "पस्तीस बाय आठ" असं स्वतःशीच पुटपुटत पुडी बांधून देतो. बहुतेक घरांतल्या बहुतेक दारांचं भवितव्य असं अर्ध्या मिनिटात ठरतं.

यातला पस्तीस म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. आठ म्हणजे जाडीचा नंबर, म्हणजे गेज. हा आठ मिलिमीटर नव्हे. लांबी मेट्रिक झाली, जाडी मात्र जुन्या इंग्रजी नंबरातच राहिली, आणि आपल्या बाजारात दोघांचा संसार बिनबोभाट चालू आहे. नंबर जितका मोठा तितका स्क्रू जाड, आणि प्रत्येक नंबरामागे जाडी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. सहा नंबरचा दांडा साधारण 3.5 मिलिमीटर, आठचा 4.2 आणि दहाचा 4.8. घरातल्या कामाला हे तीन आकडे लक्षात असले तरी पुरे.

लांबी मोजण्याची एक गंमत आहे. ज्या स्क्रूचा माथा लाकडात किंवा बिजागरीच्या पत्र्यात पूर्ण बुडतो, त्याची लांबी माथ्यासकट मोजतात. ज्याचा माथा वर बसून राहतो, त्याची माथ्याच्या खालून. त्यामुळे एकाच पेटीवरच्या आकड्याचे दोन स्क्रू शेजारी ठेवले तर एक उंच दिसू शकतो, आणि त्यात कुणीही फसवलेलं नसतं.

आता मुख्य भेद. लाकडाचा स्क्रू टोकदार असतो, खालून वर जाड होत जातो, त्याचे आटे उंच आणि विरळ असतात. जुन्या घडणीच्या स्क्रूवर खालच्या दोन तृतीयांश भागातच आटे असतात, वरचा तुकडा गुळगुळीत. हा स्क्रू आपली जोडी स्वतः तयार करतो. आत शिरताना लाकडाचे तंतू कापत, दाबत जातो आणि त्याच्या आट्यांच्या मापाची खाच लाकडात उमटते. मशीन स्क्रूचं तसं नाही. तो वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, टोक बोथट, आटे बारीक आणि दाट. त्याला जोडी आधीच तयार लागते: नट तरी, किंवा धातूत पाडलेलं आट्यांचं भोक तरी. त्याची जाडी मिलिमीटरमध्येच सांगतात. एम चार म्हणजे 4 मिलिमीटर, एम पाच म्हणजे 5.

धातूला धातू लागला की मशीन स्क्रू, लाकूड लागलं की लाकडाचा स्क्रू, इतका नियम सगळेच सांगतात. चुका होतात त्या त्याच्या पुढे, आणि त्या बहुधा स्क्रूच्या नसून भोकाच्या असतात. हे पाहायला घरातलं साधं बेडरूमचं दार घेऊ.

सात फूट उंच, तीन फूट रुंद, साधारण 32 मिलिमीटर जाडीचं फ्लश डोअर. वजन पस्तीस किलोच्या आसपास. सागाच्या चौकटीला चार इंची तीन बिजागऱ्यांवर टांगलेलं, प्रत्येक बिजागरीच्या प्रत्येक पात्याला चार स्क्रू. वर्ष-दीड वर्षात तक्रार सुरू होते: कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला घासतो आणि वरची बिजागरी हलते. घरातला निष्कर्ष ठरलेला असतो. दार जड आहे, स्क्रूंना वजन पेलत नाही.

हिशेब मात्र वेगळं सांगतो. दाराचं वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून दीड फुटावर खाली ओढतं. त्यामुळे दार वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढतं आणि खालच्या बिजागरीवर आत दाबतं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत एक मीटर साठ सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरच्या बिजागरीवरची आडवी ओढ येते जेमतेम दहा किलो. चार स्क्रूंत वाटली तर प्रत्येकी अडीच किलो. पंचवीस किलोचं मूल हँडलला लोंबकळलं, तर आणखी तेरा-चौदा किलोंची भर.

याउलट आठ नंबरचा एक स्क्रू सागात 23 मिलिमीटर खोल आट्यांनी नीट रुतला असेल, तर तो उपटायला तीनशे किलोहून अधिक ओढ लागते, असं लाकडी बांधकामात वापरलं जाणारं सूत्र सांगतं. रोजच्या वापरासाठी त्याचा पाचवा भागच सुरक्षित धरतात, म्हणजे सुमारे पासष्ट किलो. अडीच किलोच्या कामाला पासष्ट किलोचा गडी ठेवलेला असताना तो वर्षभरात हरतो कसा?

एक कारण बिजागरीच्या पात्यात दडलेलं असतं, आणि ते माथ्याचं आहे. बिजागरीच्या भोकाला वरून उतार दिलेला असतो, बशीसारखा. त्यात बुडणारा सपाट माथा बसायला हवा. दुकानात त्याला सीएसके म्हणतात. माथा पात्याच्या पातळीत आला, तरच दार बंद होताना दोन्ही पाती एकमेकांना समांतर मिटतात. आठऐवजी दहा नंबरचा स्क्रू घातला तर माथा मोठा पडतो आणि एखादा मिलिमीटर वर राहतो. भोक तिरकं पडलं असेल तर माथ्याची एक कड वर राहते. गोल माथ्याचा स्क्रू घालणारेही सापडतात.

एका मिलिमीटरने काय होतं? दार मिटायच्या आतच समोरासमोरच्या पात्यांतले माथे एकमेकांवर टेकतात. ही टेकण्याची जागा बिजागरीच्या सळीपासून साधारण पंधरा मिलिमीटरवर असते. दार पूर्ण लागत नाही म्हणून माणूस हँडलजवळ, सळीपासून साडेआठशे मिलिमीटरवर, थोडा जोर लावतो. पाच किलोचा जोर म्हणजे काहीच नाही. पण हे अंतर पंधराच्या सत्तावन्न पट आहे. पाच किलोचे बिजागरीपाशी पावणेतीनशे किलो होतात, आणि ही सगळी ओढ स्क्रूंना लाकडातून बाहेर खेचते. चारही स्क्रूंची सुरक्षित क्षमता मिळून साठ-पासष्ट गुणिले चार, म्हणजे अडीचशेच्या घरात. दिवसातून वीस वेळा दार लावायचं आणि प्रत्येक वेळी मर्यादेपर्यंत किंवा त्यापलीकडे ओढायचं. पस्तीस किलोच्या दाराला जे जमत नाही, ते एका मिलिमीटरचा उंचवटा आरामात करतो.

ओळखायचं कसं, हे सोपं आहे. दार लावताना शेवटच्या इंचात ते स्प्रिंगसारखं परत येतं, हात सोडला की थोडं उघडतं. बिजागरीकडे पाहिलं तर दार लागतानाच चौकटीच्या बाजूचं पातं हलताना दिसतं. माथ्यांवर घासल्याचे चकचकीत ठिपकेही असतात. अशा वेळी स्क्रू कितीही आवळून उपयोग नाही. आधी माथा खाली गेला पाहिजे. (पावसाळ्यात दार फुगून चौकटीला कडेने टेकतं, तेव्हाही घासतं, पण तेव्हा घासल्याची खूण दाराच्या कडेवर दिसते, माथ्यावर नाही. ते काम रंध्याचं.)

दुसरं कारण थेट भोकाचं आहे. आपल्याकडे स्क्रू ठोकायची पद्धत आहे: पाऊण भाग हातोडीने, उरलेला पाव पेचकसाने. काम भराभर होतं आणि त्या दिवशी बिजागरी घट्टही बसते. पण हातोडीने आत गेलेल्या स्क्रूच्या आट्यांनी लाकडात खाच पाडलेली नसते. तंतू फाडून सरळसोट नळी केलेली असते. आटे आहेत, पण त्यांना धरायला समोर काही नाही. पकड उरते ती फक्त शेवटच्या चार-पाच फेऱ्यांपुरती. असा स्क्रू काढून पाहिला की पुरावा हातात येतो. नीट फिरवून घातलेल्या स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा घट्ट बसलेला असतो, ठोकलेल्याच्या आट्यांत काहीच नसतं. भोकात टॉर्च मारली तर आतली भिंत केसाळ दिसते.

लाकडाच्या स्क्रूला टोक आलं आणि ही सवय सोपी झाली, असं म्हणायला जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्रावर होणारे स्क्रू बोथट असत. गिरमिटाने आधी भोक पाडल्याशिवाय ते लाकडात शिरतच नसत. 1846 मध्ये अमेरिकेत टॉमस स्लोन याने टोकदार स्क्रूचं पेटंट घेतलं. 1854 मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी आपले नातलग चेंबरलेन यांना भागीदार करून त्या यंत्रांचे इंग्लंडसाठीचे हक्क विकत घेतले. पुढे याच धंद्यात जोसेफ चेंबरलेन श्रीमंत झाला आणि राजकारणात गेला. त्याचा मुलगा नेव्हिल 1937 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. टोक आलं आणि भोक पाडायची सक्ती गेली. गरज मात्र गेली नव्हती.

ही गरज काय, हे स्क्रूच्या अंगावरूनच कळतं. आटे सोडून उरणारा मधला गाभा आठ नंबरच्या स्क्रूत साधारण 2.8 मिलिमीटर जाड असतो. हा गाभा लाकडात काहीही धरत नाही, फक्त जागा अडवतो. धरतात ते आटे. तेव्हा गाभ्यापुरती जागा आधी रिकामी करून द्यावी आणि आट्यांसाठी लाकूड शिल्लक ठेवावं, एवढाच पायलट होलचा अर्थ. सागासारख्या कठीण लाकडात गाभ्याच्या नव्वद टक्के, म्हणजे आठ नंबरला अडीच मिलिमीटरचं बिट. पाइनसारख्या मऊ लाकडात सत्तर टक्के, म्हणजे दोन मिलिमीटर. मऊ लाकूड दाबलं जातं, म्हणून भोक लहान चालतं. कठीण लाकूड दाबलं जात नाही, ते चिरतं.

अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर? भोक लहान राहिलं तर सागाच्या दारात स्क्रू शेवटच्या सेंटिमीटरला अडतो. जोर लावला की माथ्याची खाच झिजते, नाहीतर माथाच तुटतो, आणि तंतूंच्या दिशेने केसाएवढी चीर पडते. ही चीर पॉलिशखाली लपते आणि पुढल्या उन्हाळ्यात वर येते. भोक मोठं झालं, समजा साडेतीन मिलिमीटर, तर स्क्रू सुखाने आत जातो आणि शेवटी फिरतच राहतो. घट्ट होण्याचा क्षण येतच नाही. सुतार म्हणतात, आटे गेले. खरं तर आटे कधी पडलेच नव्हते.

पितळी बिजागरी आणि पितळी स्क्रू असतील तर आणखी एक पायरी हवी. पितळ मऊ असल्यामुळे सागात ते पिळवटून तुटतं, आणि तुटलेला अर्धा स्क्रू आतच राहतो. म्हणून जाणते सुतार त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढतात. आट्यांची वाट लोखंड करून ठेवतं, पितळाला फक्त त्या वाटेने जायचं. आट्यांना थोडं मेण लावावं. साबण लावायची सवय अनेकांना आहे, पण साबण ओल धरतो आणि स्क्रू आतून गंजवतो. कोकणातल्या घरात तर तो टाळावाच. खाऱ्या हवेत पितळी बिजागरीला साधे लोखंडी स्क्रू लावले, तर गंजतात ते स्क्रूच.

भोक कुठे पडतं, हेही मापाइतकंच महत्त्वाचं. बिजागरीतलं भोक साडेचार-पाच मिलिमीटरचं, बिट अडीचचं. त्यामुळे बिट सहज एका बाजूला सरकतं. मग स्क्रू आवळताना उताराच्या एका अंगाला टेकतो, बिजागरीला तिकडे ओढतो आणि तिरका बसतो. परत तोच उंचावलेला माथा, परत तेच सत्तावन्न पट. बिजागरी खाचेत ठेवून दाभणाने बरोबर मध्ये टोचा मारावा आणि मग बिट लावावं. बिटावर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. खोली स्क्रूच्या लाकडातल्या लांबीपेक्षा थोडी कमी असली की टोकाला धरायला ताजं लाकूड मिळतं.

आता लांबी. तीन मिलिमीटर जाड बिजागरीतून गेलेला 35 मिलिमीटरचा स्क्रू लाकडात 32 मिलिमीटर जातो. फ्लश डोअरच्या कडेला आत भरीव लाकडाची उभी पट्टी असते, साधारण दोन ते तीन इंच रुंद, आणि स्क्रू तिच्यातच राहतो. इथे पस्तीस बाय आठ अगदी योग्य माप आहे. दुकानदाराचा अंदाज चुकलेला नव्हता. पण दार चौकटीपेक्षा मोठं आलं म्हणून एकाच बाजूने इंच-दीड इंच कापून टाकलं असेल, तर ती पट्टी जवळजवळ संपते आणि स्क्रू आतल्या भरावात शिरतो. तिथे कोणताही नंबर उपयोगी पडत नाही. दार कमी करायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं आणि थोडंच कमी करावं.

चौकटीकडे मात्र जागा आहे. अडीच इंची चौकटीत वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू पन्नास बाय आठ घातले तर बिघडत नाही. ओढ तिथेच सर्वाधिक असते, आणि स्क्रू जितका खोल तितकी पकड त्याच प्रमाणात वाढते. जाडी वाढवूनही पकड वाढते. पण बिजागरीचं भोक आठचं असेल तर दहाचा माथा वर राहणार, आणि 32 मिलिमीटरच्या दाराच्या कडेत जाड स्क्रू चीर पाडण्याची भीती. म्हणून नंबर बिजागरी ठरवते, लांबी लाकूड ठरवतं.

लाकडाचा वाटा तर सगळ्यात मोठा. पकड लाकडाच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, पाइन साडेचारशेच्या. फरक तिसऱ्या हिश्श्याचा दिसतो, पण तोच स्क्रू पाइनमध्ये सागाच्या जेमतेम निम्मा धरतो. पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांतून केलेल्या कपाटांची दारं का खिळखिळी होतात, याचं उत्तर यात आहे.

काळ्या स्क्रूंबद्दल एक सूचना. ड्रायवॉलचे हे स्क्रू स्वस्त, टोक तीक्ष्ण, ड्रिलवर झरझर जातात, म्हणून हल्ली बिजागरीतही सर्रास दिसतात. ते जिप्समची फळी पत्र्याच्या पट्टीला लावण्यासाठी केलेले आहेत. पोलाद कडक, पण ठिसूळ. जाडी सहा नंबरएवढी. माथ्याखालचा भाग वक्र, त्यामुळे बिजागरीच्या सरळ उतारात तो नीट टेकत नाही. दार आपटलं की साधा स्क्रू थोडा वाकेल, हा मोडतो. जिप्समला लावा, बिजागरीला नको.

तर आपल्या घासणाऱ्या दाराची दुरुस्ती अशी. दाराखाली पाचर सरकवून वजन घ्यावं. वरच्या बिजागरीचे चौकटीतले स्क्रू काढावेत. आटे कोरडे, भोक केसाळ: स्क्रू ठोकलेले. भोकात आगपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळण्याचा तोडगा घरोघरी होतो आणि काही महिने चालतोही. टिकाऊ काम हवं तर प्रत्येक भोक आठ मिलिमीटरच्या बिटाने 40 मिलिमीटर खोल साफ करावं, आठ मिलिमीटरची सागाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकावी, एक रात्र वाळू द्यावी आणि पटाशीने सपाट करावी. मग मध्यावर टोचा, अडीचचं बिट, आणि नवा स्क्रू. खुंटीत स्क्रू तंतूंच्या लांबीच्या दिशेने शिरतो, आडवा नव्हे. त्या दिशेची पकड साधारण तीन चतुर्थांशच असते. म्हणून इथे पस्तीसऐवजी पन्नासचे स्क्रू घ्यावेत, म्हणजे टोक खुंटीच्या पलीकडच्या अस्सल लाकडात जाईल. शेवटी हाताने आवळावं. ड्रिलने आवळताना एक फेरी जास्त झाली की नुकतीच पडलेली आट्यांची वाट मोडते, आणि ते कळतही नाही.

स्टार माथ्याच्या स्क्रूला दोन नंबरचं बिट लागतं. झिजलेलं बिट घसरतं आणि माथा खराब करतं. काही माथ्यांवर चार फाट्यांच्या मधोमध आणखी चार बारीक रेषा असतात. त्यांचं बिट वेगळं असतं, आणि साधं स्टार बिट त्यात पूर्ण बसत नाही. दुकानात दोन्हींना स्टारच म्हणतात, तेवढं पाहून घ्यावं.

मशीन स्क्रूची बारी येते ती कपाटाच्या हँडलला. हँडलच्या पायांत कारखान्यातच आटे पाडलेले असतात, बहुधा एम चार. स्क्रू दाराच्या आतून येतो, प्लायवुडच्या भोकातून मोकळा जातो आणि हँडलच्या धातूत धरतो. इथे लाकडाने काही धरायचं नसतं, म्हणून भोक मोठं हवं: चारच्या स्क्रूला पाचचं. दोन पायांतलं अंतर साधारण 96 किंवा 128 मिलिमीटर असतं, आणि एका मिलिमीटरची चूक हे पाचचं भोक पोटात घेतं.

लांबीचा हिशेब पाहा. प्लायवुड 18 मिलिमीटर, बाहेर आणि आत मिळून सनमायकाचे दोन, एकूण वीस. हँडलच्या आत निदान पाच मिलिमीटर आटे धरायला हवेत; एम चारला एवढ्यात सात फेऱ्या मिळतात. म्हणून पंचवीसचा स्क्रू. बावीसचा लावला तर तीनच फेऱ्या धरतील आणि एका दिवशी हँडलच्या मऊ धातूतले आटे उपटून हँडल हातात येईल. तीसचा लावला तर स्क्रू हँडलच्या भोकाच्या तळाला टेकू शकतो: पेचकसाला घट्ट लागतं, पण हँडल खडखडत राहतं. या खडखडाटावर उपाय आणखी जोर नव्हे, छोटा स्क्रू.

माथाही इथे वेगळा हवा. बिजागरीला लागणारा बुडणारा माथा सपाट प्लायवर आवळला तर तो पाचरीसारखा शिरतो आणि सनमायका उचकटतो. हँडलला खालून सपाट असलेला पॅन हेड, गरज पडल्यास खाली वॉशर.

आणखी एक खास आपल्याकडचा घोटाळा. जुन्या हँडलांना पाच-बत्तिसांशाचे, म्हणजे इंचातले स्क्रू असत आणि ते अजूनही मिळतात. जाडी 3.97 मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला एम चारच. पण त्याचे आटे 0.79 मिलिमीटर अंतरावर, एम चारचे 0.7 वर. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या हँडलमध्ये दोन-तीन फेऱ्या गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडतो. तिथे जोर केला तर दोघांचेही आटे जातात. बोटांनी चार-पाच फेऱ्या सहज न गेलेला मशीन स्क्रू पेचकसाने ढकलू नये, हा साधा नियम.

अनेक इमारतींत चौकटी पत्र्याच्या असतात. तिथे बिजागरीमागे जाड पट्टी असते आणि तिच्यात आटे पाडलेले असतात. एक स्क्रू हरवला म्हणून लाकडाचा स्क्रू पिळून बसवला, तर तो पट्टीचे आटे खातो. गेलेल्या आट्यांवर उपाय म्हणजे पुढच्या मापाचा टॅप: एम पाचसाठी 4.2 मिलिमीटरचं भोक, त्यात टॅप फिरवून नवे आटे आणि त्याच मापाचा, बुडत्या माथ्याचा मशीन स्क्रू. भोक आधीच त्यापेक्षा मोठं झालं असेल तर एम सहा.

लाकूड असूनही लाकडाचा स्क्रू चालत नाही, अशी एक जागा प्रत्येक वाड्यात आणि कोकणातल्या पडवीत असते: झोपाळा. दोन माणसं आणि पाट मिळून एकशे सत्तर किलो धरले, आणि झोका पंचेचाळीस अंशांपर्यंत गेला, तर खालून जाताना कड्यांवर दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे दोनशे सत्तर किलोंचा ताण येतो. तोही दर झोक्याला चढतो-उतरतो आणि दिशा बदलतो. तुळईत खालून पिळून बसवलेला आट्यांचा हूक हा ताण फक्त लाकडाच्या तंतूंवर पेलतो, आणि प्रत्येक झोक्याला तो कणभर सैल होत असतो. तुळईतून आरपार भोक, त्यातून बोल्टची कडी, वर रुंद वॉशर आणि दोन नट, ही खरी रीत. मग तुळईचं लाकूड दाबलं जातं, उपटलं जात नाही. स्लॅबखाली टांगायचं असेल तर लाकडाच्या स्क्रूचा आणि प्लास्टिकच्या गिट्टीचा विचारच करू नये.

पुढच्या वेळी दाराचं काम निघालं तर दुकानात जुनी बिजागरी आणि जुना स्क्रू दोन्ही घेऊन जावं. स्क्रू तिथेच बिजागरीच्या भोकात ठेवून माथा पातळीत येतो का, ते बोट फिरवून पाहावं. आणि सुतार आला की त्याच्या पिशवीत अडीच मिलिमीटरचं बिट आहे का, हे आधी विचारावं. नसेल तर ते आणून द्यावं, पण स्क्रूवर हातोडी चालवू देऊ नये.